बाक दुरुस्त झाला!

परळ, मुंबई

प्रिय सुमे,

पत्राला उशीर झाला, कारण शाळा सुटल्यावर मी आमच्या वर्गाचा बाक दुरुस्त करत होते. हो, मी स्वतः!

खिडकीजवळचा तो बाक बसलं की डुगडुगायचा. शिपाईकाकांनी पायात खिळे ठोकले, तर पाय उभा चिरला आणि डुगडुग तशीच राहिली. आमच्या चाळीत कुडाळकडच्या गावाहून एक सुतारआजोबा मुलाकडे आलेत. त्यांचे हात आता थरथरतात, पण बाईंनी परवानगी काढल्यावर ते शनिवारी वर्गात येऊन बसले. म्हणाले, "आधी बघ गो, मगे ठोक."

पाय हलवला तेव्हा दिसलं, आडव्या पट्टीचं टोक पायाच्या आरपार भोकात खालीवर हलत होतं. पावसात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. असं वर्षानुवर्षं होऊन सांधा सैल पडतो. जुना सरसही सुटला होता. मला वाटलं, फटीत फेव्हिकॉल भरला की झालं. आजोबांनी मान हलवली. जुन्या सरसावर नवा डिंक धरत नाही, आणि डिंकाने फट भरली तरी सांध्याला जोर येत नाही. मग मी खिळे उपटले, मध्ये लाकडाचा तुकडा धरून हातोडीने सांधा सोडवला आणि पटाशीने कोरं लाकूड दिसेपर्यंत खरवडलं. हात भरून आले, पण आजोबा एकदाही "आण इकडे" म्हणाले नाहीत.

खरी गंमत पाचरीची! पट्टीच्या टोकाला करवतीने चीर पाडायची आणि त्यात सागाची पाचर ठोकायची, म्हणजे टोक फुलून भोकात घट्ट बसतं. मी चीर उभी आखली होती. आजोबांनी पायावरच्या उभ्या रेषांवरून माझं बोट फिरवलं आणि विचारलं, "पाचर उभी घातलीस तर टोक खंय फुलतला?" बाजूंना! म्हणजे पाय रेषांमधूनच फाटणार. आडव्या चिरेत ते वर-खाली फुलतं, आणि तिकडे लाकूड दाब सोसतं. सुमे, हे कळलं तेव्हा मी उडीच मारली.

डिंक न लावता सगळं एकदा जुळवून पाहिलं. मग सांध्याला आणि पायाच्या चिरेत डिंक लावला, पाचर ठोकली. हातोडीचा आवाज बद्दचा टणक झाला की थांबायचं. शेवटी दोन्ही पायांना दोरी गुंडाळून त्यात काठी घालून पीळ दिला आणि चौकटीचे दोन्ही कर्ण मापले. एक बोटभर लांब निघाला, तेव्हा तो कोपऱ्यातून दाबून सारखा केला. पावसाळी हवा म्हणून सोमवारपर्यंत कुणाला बसू दिलं नाही.

आता मागच्या बाकाची फळी तडकली आहे. तिला पाचर चालणार नाही, खालून पट्टी लागेल. तुमच्या शाळेतला मोडका बाक कुठे सैल आहे ते नीट बघून कळव. आजोबा दिवाळीत गावी येणार आहेत.

तुझीच,
मंदी