फोटो का नाकारला, तेही सांगा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तालुक्याच्या गावी माझा सायबर कॅफे आहे. भरती निघाली की दिवसभर मुलांचे ऑनलाइन अर्ज भरायचे, हेच काम. दाखले, फी यांत फारसे अडत नाही, अडते ते फोटोत.

परवा शेवटच्या तारखेला संध्याकाळी एक मुलगी रडवेली होऊन आली. घरी मोबाइलवरून पाच-सहा वेळा फोटो टाकला, दर वेळी `Invalid photo` एवढेच उत्तर. अट होती जेपीईजी फाइल, २०० बाय २३० पिक्सेल, २० ते ५० केबी. फोटो मोठा होत असणार असे समजून ती तो आणखी आणखी लहान करत बसली होती. फाइलच्या प्रॉपर्टीज उघडून पाहिल्या. पिक्सेल बरोबर, पण वजन फक्त ९ केबी! ५० ची मर्यादा सगळ्यांच्या लक्षात राहते, २० ची नाही.

पिक्सेल म्हणजे फोटोची लांबी-रुंदी, केबी म्हणजे फाइलचे वजन. एक बरोबर आले म्हणजे दुसरे आले असे नाही. पिक्सेल तेवढेच ठेवून जेपीईजीची क्वालिटी वाढवली की वजन वाढते. मात्र दाबून दाबून खराब झालेली फाइल वापरून उपयोग नाही, वजन वाढले तरी चेहरा पुसटच राहतो. म्हणून मी तिचा मूळ फोटो मागवला, आधी २०० बाय २३० च्या प्रमाणात कापला (नाहीतर चेहरा ताणला जातो), मग लहान केला. क्वालिटी ८० ला ९ केबी, १०० ला २८ केबी. फोटो लगेच चढला.

दुसरा घोळ फाइलच्या प्रकाराचा. आयफोनचा फोटो बहुधा एचईआयसी प्रकारात असतो. मुले नावापुढचे `.heic` खोडून `.jpg` लिहितात. नाव बदलते, आतली फाइल तीच राहते. खऱ्या जेपीईजी फाइलची सुरुवात `FF D8 FF` या बाइट्सनी होते आणि तपासणी तिथे झाली की नुसते नाव बदललेली फाइल नाकारली जाते. अशी फाइल उघडून जेपीईजी म्हणून नव्याने सेव्ह करावी लागते.

फोटो नाकारताना प्रकार, वजन आणि पिक्सेल यांपैकी काय चुकले हे संगणकाला त्याच क्षणी ठाऊक असते. मग ‘तुमचा फोटो ९ केबीचा आहे, किमान २० केबी हवा’ असे मराठीत का लिहू नये? ही तपासणी फाइल निवडताच ब्राउझरमध्येही होऊ शकते. भरती घेणाऱ्या यंत्रणांनी पुढच्या अर्जांच्या आधी एवढी सुधारणा करावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक सायबर कॅफेचालक