बरणीत हातभार लावणाऱ्यांचे आभार

साताऱ्यात पोवई नाका ते राजवाडा रिक्षा चालवतो. लेकीची वर्षाची फी 15,000 रुपये, आणि ती जूनमध्ये एकदम भरायची. म्हणून चिक्कीची रिकामी बरणी घेतली आणि रोज 50 रुपये टाकायचे ठरवलं. महिन्याचे 26 दिवस धरले तरी 1,300 होतात, वर्षाचे 15,600.

पैसे रात्री उरतील तेव्हा टाकायचे म्हटलं तर गॅस, हप्ता, भाजी यात काहीच उरत नाही. त्यामुळे बोहनीचेच पैसे बरणीत जायचे. तरी टायर फुटला की हात तिकडेच वळायचा. यावर उपाय स्टँडवरच्या एका थोरल्या रिक्षावाल्या दादांनी सांगितला: पैसे घरात साठू देऊ नकोस, महिन्याला बँकेच्या आरडीत भर. वर्षाची मुदत घे, म्हणजे जूनच्या आधी हातात येतील.

त्या दादांचे मनापासून आभार. चिल्लर मोजून नोटा देणाऱ्या किराणावाल्या काकांचे आभार. आणि सुटे परत न घेता "राहू द्या, पोरीच्या बरणीत टाका" म्हणणाऱ्या मावशी, तुमचं नाव विचारायचं राहिलं. यंदाची फी वेळेत भरली, लेक पाचवीत गेली.