दुधाचे दही होते, तेव्हा टिकते काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत गेल्या आठवड्यात एका वाचकांनी लिहिले होते की, बौद्ध मत आत्मा मानत नाही आणि तरी कर्माचे फळ मानते, हा त्यातला न सुटणारा विरोध आहे. मुळाशी काही कायमचे नसेल तर केलेले भोगणार कोण, असा त्यांचा सवाल. सवाल खरा आहे, जुना आहे आणि थट्टेवारी नेण्यासारखा नाही. म्हणून हे पत्र.

मी प्राथमिक शिक्षक होतो. निवृत्तीनंतर थोडी पाली शिकलो. आमच्या गावच्या विहारात वर्षावासाच्या तीन महिन्यांत रात्री ग्रंथवाचन असते, ते बहुतेक वेळा माझ्याकडे असते. दोन वर्षांपूर्वी अनात्म्याचा भाग वाचून झाल्यावर पुढे बसलेल्या एका आजींनी हाच प्रश्न विचारला. "मंग गुरुजी, मेल्यावर जातंय कोन? आन् कोनीच जात नसंल, तर पाप-पुन्य कोनाच्या माथी?"

त्या रात्री मी त्यांना साति भिक्खूची गोष्ट सांगितली. मज्झिम निकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहातल्या अडतिसाव्या सुत्तात ती आहे. साति हा कोळ्याचा मुलगा. त्याची पक्की समजूत झाली होती की, एका जन्मातून दुसऱ्या जन्मात धावत जाते ते हेच विज्ञान, हीच जाणीव. बोलणारी, भोगणारी तीच, बदल न होता. बुद्धांनी त्याला बोलावून घेतले आणि इतरांसमोर स्पष्ट सांगितले की, मी असे कधीच शिकवलेले नाही. प्रत्ययाशिवाय, म्हणजे आधार देणाऱ्या कारणांशिवाय, विज्ञान उत्पन्नच होत नाही. मग उपमा दिली ती विस्तवाची. लाकडावर पेटला तो लाकडाचा विस्तव, गवतावर पेटला तो गवताचा, गोवऱ्यांवर पेटला तो गोवऱ्यांचा. तसेच डोळा आणि रूप यांच्या आधाराने उठते ते चक्षुविज्ञान, कान आणि शब्द यांच्या आधाराने उठते ते श्रोत्रविज्ञान.

चुलीपुढे आयुष्य गेलेल्या बाईला हे समजावून सांगावे लागत नाही. पऱ्हाटीचा जाळ भडकन उठतो आणि भाकरी करपवतो. गोवरीचा विस्तव धुमसत राहतो, त्यावर दूध ठेवून शेतात जाता येते. पऱ्हाटीने गोवरी पेटली की आपण म्हणतो, आग इकडून तिकडे गेली. पण 'आग' नावाची एक वस्तू पऱ्हाटीतून उठून गोवरीत जाऊन बसली, असे कुठे दिसते? पऱ्हाटीच्या आधाराने एक जळणे चालू होते, त्याच्यामुळे गोवरीच्या आधाराने दुसरे सुरू झाले. पहिले नसते तर दुसरे झाले नसते, एवढे नक्की. पण नेलेले काहीच नाही.

कारणांच्या आधाराने होण्याच्या या नियमालाच बुद्धांच्या शिकवणीत प्रतीत्यसमुत्पाद म्हणतात. सूत्र अगदी लहान आहे: "इमस्मिं सति इदं होति, इमस्मिं असति इदं न होति." हे असले की ते होते, हे नसले की ते होत नाही. अविद्येपासून जरामरणापर्यंतची बारा अंगांची साखळी म्हणजे हेच सूत्र दुःखाला लावून दाखवलेले आहे.

आता फळ भोगणार कोण, हा मुद्दा. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद भदंत नागसेनांना नेमके हेच विचारतो. छत्रपती संभाजीनगरला १९५० साली बाबासाहेबांनी महाविद्यालय काढले, त्याला मिलिंदाचे नाव दिले, आणि तो परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जातो. मराठवाड्यातली कितीतरी पोरे तिथे शिकून मोठी झाली, पण प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा या दोघांत ठरले काय होते, ते फार थोड्यांना ठाऊक असते.

नागसेनांनी दिलेल्या उपमांपैकी एक दुधाची आहे. एक माणूस गवळ्याकडून घागरभर दूध विकत घेतो, घागर त्याच्याकडेच ठेवतो आणि उद्या नेतो म्हणून निघून जातो. दुसऱ्या दिवशी त्याचे दही झालेले असते. गिऱ्हाईक भांडायला उठते की मी दही घेतले नव्हते, माझे दूध दे. गवळी म्हणतो, बाबा, तुझ्याच दुधाचे हे दही झाले आहे. नागसेन विचारतात, महाराज, बाजू कोणाची खरी? राजा म्हणतो, गवळ्याची. तसेच, नागसेन सांगतात, मरणाशी संपणारे नामरूप, म्हणजे मन आणि शरीर, एक आणि पुढे जन्मणारे दुसरे. पण दुसरे पहिल्यातूनच झालेले असल्यामुळे पहिल्याच्या पापातून ते सुटत नाही.

पत्रलेखक इथे म्हणतील की, दूध आणि दही यांच्या तळाशी एखादे मूळ द्रव्य टिकले असणारच, नाहीतर 'त्याच दुधाचे' असे म्हणता कसे? वैशेषिक या जुन्या वैदिक दर्शनाचे म्हणणे याच अंगाने जाणारे होते. पृथ्वी, जल, तेज, वायू यांचे परमाणू नित्य, आणि आत्माही नित्य द्रव्य. हे मत बाजूला सारण्याआधी दही लागते कसे, ते जरा जवळून पाहू.

दूध तापवून कोमट होऊ द्यायचे, विरजण घालून ढवळायचे आणि भांडे हलवायचे नाही. विरजणातले जिवाणू दुधातल्या साखरेचे आम्ल करतात आणि त्या आम्लाने दुधातली प्रथिने एकमेकांना धरतात. दूध फार गरम असताना विरजण घातले तर जिवाणू मरतात, दही लागत नाही. थंडीच्या रात्री भांडे उघड्यावर राहिले तर सकाळी नुसते पातळ दूध. म्हणजे दूध, विरजण, ऊब आणि वेळ, यांतले एक काढून घ्या, दही नाही. एकटे कोणतेही पुरे पडत नाही, आणि यांच्या पलीकडे 'दहीपण' म्हणून वेगळे काही आणून घालावे लागत नाही.

आता त्या कायमच्या द्रव्याला विचारू की या सगळ्यात त्याने केले काय? ते बदलले असेल तर कायमचे राहिले नाही. बदलले नसेल तर ते दुधात जसे होते तसेच दह्यात आहे, आणि गोडाचे आंबट कसे झाले हे त्याच्याने सांगता येत नाही. सांगते ते विरजण आणि ऊब. सांख्य दर्शनाचे लोक म्हणतात, दही दुधात आधीच होते, प्रकट झाले एवढेच. आधीच असेल तर विरजणाची गरज का पडावी? बरे, दही दुधाहून अगदी परके म्हणावे, तर ते पाण्यातूनही व्हायला हवे. नागसेनांचे शब्द इथे नेमके बसतात: "न च सो, न च अञ्ञो." तोच नाही, आणि दुसराही नाही. मुलाचा म्हातारा झाला तरी गुन्ह्याची जबाबदारी सुटत नाही, ती या अखंड कारणधाग्यामुळे. ती बांधून ठेवायला आत बसलेला न बदलणारा मालक लागत नाही.

पुढे बौद्ध आचार्य नागार्जुनांनी मूलमध्यमककारिका या आपल्या ग्रंथात हा वाद उलटा फिरवला. त्यांचा प्रतिपक्षी म्हणतो, सगळे शून्य असेल तर चार आर्यसत्ये बुडाली, साधना बुडाली, पाप-पुण्य बुडाले. नागार्जुन म्हणतात, बुडतील ती तुझ्या मतात. त्यांची स्वभावाची व्याख्या आहे, "अकृत्रिमः स्वभावो हि निरपेक्षः परत्र च". स्वभाव म्हणजे जे घडवलेले नाही आणि दुसऱ्या कशावर अवलंबून नाही. दुधाचे दूधपण असे असते, तर कितीही विरजण घाला, दही लागलेच नसते. दुःखाला असा स्वभाव असता, तर ते मिटवण्याची वाटच उरली नसती. म्हणून ते म्हणतात, जो प्रतीत्यसमुत्पाद तीच शून्यता. शून्य म्हणजे 'काही नाही' नव्हे, 'स्वतःच्या बळावर उभे असलेले काही नाही'. स्वभाव धरून बसण्याचा हा घोळ आपल्या पत्रलेखकांचाच होतो असे नाही. सगळा अनुभव 'धर्म' नावाच्या सूक्ष्म घटकांत विभागून त्या घटकांना स्वभाव देणारे सर्वास्तिवादी हे स्वतः बौद्धच होते.

एक गैरसमज मात्र आपल्या बाजूचाही आहे. व्याख्यानांतून 'सगळे सगळ्याशी जोडलेले आहे' असे सांगून प्रतीत्यसमुत्पाद उरकला जातो. मला ते पटत नाही. सूत्र 'हे' आणि 'ते' म्हणते. कारण नेमके बोट ठेवून दाखवायचे आणि ते काढल्यावर कार्य थांबते का, हे तपासायचे. ज्याला कारणाचे नाव सांगता येत नाही, त्याने मोघम एकात्मता सांगितली, प्रतीत्यसमुत्पाद नव्हे.

हे मी इतके धरून का बोलतो, ते सांगतो. वासेट्ठ सुत्तात वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण भांडत येतात की, ब्राह्मण जन्माने होतो की कर्माने. बुद्ध त्यांना गवत, झाडे, किडे, साप, मासे, पक्षी यांची एकेक जात दाखवतात. त्यांच्या अंगावर जातीची खूण असते, माणसाच्या अंगावर तशी वेगळी खूण नाही. शेती करतो तो कर्माने शेतकरी, चोरी करतो तो कर्माने चोर. आणि जे कर्माकडे असे यथार्थ पाहतात, त्यांना त्या गाथेत शब्द वापरला आहे 'पटिच्चसमुप्पाददस्सा', प्रतीत्यसमुत्पाद पाहणारे. जात म्हणजे माणसाच्या आत जन्मापासून बसलेले, न घडवलेले, न बदलणारे काहीतरी, या समजुतीवर हे सुत्त थेट बोट ठेवते. आत्म्याची चर्चा आणि जातीची चर्चा आपण दोन वेगळ्या खोल्यांत ठेवतो. त्या गाथेत त्या एकाच ओळीत आहेत.

विहारातल्या त्या आजींना मी दह्याची उपमा दुसऱ्या रात्री सांगितली. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझ्या लहानपनी आमच्या घरी इरजन संपलं तर गावात कोनी देत नव्हतं. म्हनायचे, तुमच्या दुदाला लावलं की आमचं इरजन बाटंल." थोड्या वेळाने म्हणाल्या, "लावलं असतं तर दही लागलंच असतं की वो, गुरुजी."

आपला,
एक निवृत्त शिक्षक
जि. परभणी