पुरवठादाराकडून थेट ग्राहकाला जाणाऱ्या पार्सलांबाबत सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, गेल्या महिन्यात सुरतहून थेट नागपूरच्या ग्राहकाला गेलेल्या माझ्या एका पार्सलात पुरवठादाराचे ६४० रुपयांचे बिल तसेच राहिले आणि त्याच साडीचे ११५० रुपये मोजलेल्या त्या ताईंनी ती परत पाठवली.

म्हणून प्रत्येक ऑर्डरसोबत पुरवठादाराला लेखी कळवावे की, पार्सल साध्या पिशवीत असावे, आत त्याचे बिल, कार्ड किंवा नाव छापलेली टेप नसावी, आपण पाठवलेले बिलच आत घालावे, आणि लेबलवर पाठवणाऱ्याच्या जागी आपल्या दुकानाचे नाव यावे. त्याचे बिल त्याने आपल्याला मेलवर पाठवावे. मात्र पॅकबंद वस्तूवरील एमआरपी आणि उत्पादकाचे नाव-पत्ता ही माहिती कायद्याने आवश्यक असल्याने ते लेबल काढण्यास कधीही सांगू नये.

ट्रॅकिंग क्रमांक लेबल तयार होतानाच मिळतो, तेव्हा माल गोदामातच असू शकतो. त्यामुळे पिकअपची नोंद दिसल्यावरच तो ग्राहकाला कळवावा आणि २४ तासांत ती न दिसल्यास पुरवठादाराला फोन करावा.

न स्वीकारलेले पार्सल लेबलवरील परतीच्या पत्त्यावर जाते, म्हणून तेथे पुरवठादाराच्या गोदामाचाच पत्ता राहू द्यावा. ग्राहकाने उघडून परत करायची वस्तू मात्र पुरवठादाराची संमती घेतल्यावरच आणि आत ऑर्डर क्रमांकाची चिठ्ठी घालूनच पाठवावी. अशी चिठ्ठी नसल्याने माझी साडी नऊ दिवस गोदामात पडून होती, आणि ताईंचे पैसे तोवर मला माझ्या खिशातून द्यावे लागले.