गार्डकाका, तुमचा कागद परत करायचा आहे

प्रिय गार्डकाका,

तुमचं नाव मी विचारलंच नाही. तुम्ही २०११ साली भुसावळ विभागातून गार्ड म्हणून निवृत्त झालात, एवढंच बोलण्यातून कळलं. म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितेय. तुमच्या घरातलं कुणी वाचलं तर तुम्हाला वाचून दाखवेल.

जानेवारीतली रात्र होती. उत्तरेकडून मुंबईला जाणारी माझी गाडी ११.४० ची. जंक्शनचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथल्या चौकशीच्या खिडकीतल्या माणसाला मला बदनाम करायचं नाही. पण तो माझ्याशी जसा वागला, ते अजून खुपतंय. सकाळी कल्याणला वडिलांची बायपास होती, साडेआठला आत नेणार होते आणि मी एकुलती एक. एवढं सगळं मी त्याला सांगितलं. त्याने मान वर न करता बोर्डाकडे बोट दाखवलं. बोर्डावर आधी १.१० होतं, मग १.५०, मग २.१०. फोनवरच्या नातेवाइकांनी तर मलाच सुनावलं, "कालच निघायला हवं होतंस." काल ऑपरेशन ठरलंच नव्हतं, हे त्यांना माहीत होतं.

तुम्ही वेटिंग रूममध्ये समोरच्या बाकावर बसला होतात. मफलर, पायाशी कापडी पिशवी, मांडीवर वर्तमानपत्र. मी फोनवर टॅक्सीवाल्याशी बोलत होते. तो साडेआठ हजार म्हणत होता आणि दोन हजार आधी पाठवा म्हणत होता. फोन ठेवला तेव्हा तुम्ही म्हणालात,

"बेटा, त्याला पैसे पाठवायच्या आधी गाडी कुठे आहे ते बघ."

"दोन दहाला येतेय म्हणे."

"येणार कधी ते नको. शेवटचं स्टेशन कोणतं सोडलं आणि किती वाजता, तेवढंच वाच."

मी फोनवर वाचलं. बऱ्हाणपूर, १०.५८.

"म्हणजे अडीच तास लेट झालीच. बोर्डावरचा हिशेब असा असतो, की आता जेवढी लेट आहे तेवढीच शेवटपर्यंत राहील. तशी राहत नाही."

"का नाही राहत?"

मग तुम्ही मला जे समजावलंत, ते इतक्या वर्षांच्या प्रवासात कुणी सांगितलं नव्हतं. प्रत्येक गाडीला रुळावर स्वतःची वेळ आखून दिलेली असते. ती एकदा हुकली की कंट्रोलवाला त्या गाडीला बाकीच्यांच्या मधल्या फटीत बसवतो. मागून वेळेवर येणारी गाडी असली, तर लेट गाडीला बाजूच्या रुळावर, लूपलाइनला घालून तिला आधी पुढे काढतात. वेळेवरची गाडीही लेट का करायची, हा त्यामागचा विचार. पण त्यामुळे आधीच लेट झालेली गाडी आणखी मागे पडते. वेळापत्रकात मधेमधे थोडी जादा वेळ ठेवलेली असते, तिथे ती थोडीफार भरूनही काढते. "म्हणून सरळ बेरीज चालत नाही," तुम्ही म्हणालात.

मी विचारलं, "मग तुम्ही सांगा, किती वाजता येईल?"

तुम्ही लगेच सांगितलं नाहीत. वर्तमानपत्राची कोरी कड फाडलीत, खिशातून पेन्सिल काढलीत आणि उभ्या रेघा मारल्यात. स्टेशन, येणार, सुटणार, शेरा. गार्डच्या जर्नलमध्ये असेच रकाने असतात, प्रत्येक स्टेशनची वेळ लिहावी लागते, असं लिहिता लिहिता सांगितलंत.

"बऱ्हाणपूर ते भुसावळ चोपन्न किलोमीटर. पाऊण-एक तास. पण रात्री भुसावळात गर्दी असते, स्टेशनाबाहेर आउटरला उभी करतील. बारा-वीसला आत येईल. तिथे ड्रायव्हर-गार्ड बदलतात. बारा-पस्तीसला सुटेल. तिथून इथपर्यंत अडीच तास, वर एखादा लूप धर. तीन-वीस."

माझा चेहरा पडला असणार. बोर्डावर दोन दहा होतं आणि तुम्ही तीन-वीस म्हणत होतात.

"आणि कल्याण?"

"इगतपुरीला थांबेलच. घाट उतरायच्या आधी ब्रेक तपासतात. तिथे घाई करायची नसते. कसाऱ्याच्या खाली सकाळच्या लोकल सुरू झालेल्या असतात, त्यांच्यामागे थोडी रखडेल. सव्वासात."

"टॅक्सी चारला पोचवेल, काका."

"पोचवेल. पण चारला तुला वडिलांजवळ कोण सोडणार आहे? तुला साडेआठच्या आत पोचायचंय. आणि तो टॅक्सीवाला मी संध्याकाळी सहाला उतरलो तेव्हाही बाहेर गिऱ्हाईक शोधत होता. रात्रभर घाटातून तो तुला नेणार."

मी गप्प झाले. तुम्ही भुसावळच्या ओळीखाली पेन्सिलने एक आडवी रेघ ओढलीत.

"ही हद्द धर. बारा-चाळीसपर्यंत गाडी भुसावळहून सुटलेली दिसली नाही, तर टॅक्सी कर. तेव्हा निघालीस तरी साडेपाचला कल्याणात असशील. सुटली, तर मग विचार करायचा नाही."

काका, त्या रात्री सगळ्यांनी मला एकतर धीर धर म्हणून सांगितलं होतं किंवा दोष दिला होता. कुठपर्यंत थांबायचं आणि कुठे थांबणं सोडायचं, हे फक्त तुम्ही सांगितलंत.

सव्वाअकरा ते बारा-चाळीस हा वेळ जाता जाईना. मी दर दोन मिनिटांनी फोन बघत होते. तुम्ही ते पाहिलंत आणि आपणहून बोलायला लागलात. उत्तरेत धुक्यात गाडीचा वेग बांधून दिलेला असतो, सिग्नल जवळ आलाय हे ड्रायव्हरला कळावं म्हणून रुळावर फटाके लावतात, चाक वरून गेलं की ते वाजतात, असं सांगत होतात. मग तुमच्या एका रात्रीवर आलात.

"माझी मालगाडी सेक्शनात बंद पडली होती. पावसाळा. दोन स्टेशनांच्या मधे, आजूबाजूला दिवा नाही. मागून दुसरी गाडी येऊन आदळू नये म्हणून गार्डने मागे चालत जाऊन फटाके लावायचे असतात. एक सहाशे मीटरवर, मग बाराशे मीटरवर तीन, दहा-दहा मीटर सोडून. एका हातात बत्ती, खिशात फटाके."

"एकटेच?"

"ब्रेकव्हॅनमध्ये गार्ड एकटाच असतो बेटा. ड्रायव्हर तिकडे पुढे, अर्धा किलोमीटर लांब."

"भीती नाही वाटली?"

"पहिल्यांदा वाटली. मग रुळाखालचे स्लीपर मोजायला लागलो. मोजत गेलो की सहाशे मीटर कधी आले ते कळलंच नाही. चौथा फटाका लावला, बत्ती लाल करून उभा राहिलो. पहाटे मदतीचं इंजिन आलं."

तुम्ही ते सांगितलंत आणि लगेच घड्याळ पाहिलंत. "बारा-चाळीस. आता बघ."

भुसावळ, सुटली १२.३८.

तीन मिनिटांचा फरक. मी तुमच्याकडे बघितलं, तर तुम्ही कागदावर १२.३५ खोडून १२.३८ लिहीत होतात, जणू ड्यूटीवरच आहात. आणि मग तुम्ही ते केलंत, ज्यासाठी हे सगळं पत्र आहे. माझ्या हातातला फोन हलकेच घेतलात आणि बाकावर पालथा ठेवलात. "आता याचं काम नाही," म्हणालात. कागदावर माझ्या स्टेशनाच्या ओळीत, शेऱ्याच्या रकान्यात लिहिलंत, "३.०० ला उठ. आधी उठू नको."

काका, त्या आठवड्यात मी एक रात्रही झोपले नव्हते. अँजिओग्राफीच्या दिवसापासून फोन उशाला नाही, हातात धरून होते. तुम्ही तो पालथा घातलात आणि माझ्या खांद्यावरचं ओझंच उतरलं. घरात, ऑफिसात, नातेवाइकांत, कुणालाही ते सुचलं नव्हतं.

तुमची भुसावळकडे जाणारी गाडी १.२० ला होती. जाताना तुम्ही दाराशी रजिस्टर घेऊन बसलेल्या मावशींना सांगितलंत, "या पोरीला तीनला उठवा, तीन-वीसची गाडी आहे." त्या म्हणाल्या, "बोर्डावर तर दोन-चाळीस आलंय." तुम्ही म्हणालात, "तीनलाच उठवा." मी अर्धवट झोपेत ऐकलं. उठून तुमच्या पाया पडायला हवं होतं. उठले नाही. ते राहून गेलं, म्हणूनही हे लिहितेय.

मावशींनी तीनला उठवलं आणि अर्धा कप चहाही दिला. त्यांचेही आभार. ज्या खिडकीवर माहिती द्यायला माणूस पगार घेऊन बसतो, तिथे मला माहिती मिळाली नाही. ती मिळाली एका निवृत्त माणसाकडून, जो स्वतः थंडीत गाडीची वाट बघत होता. जगात सज्जन माणसं आहेत, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. पण आपल्या हातातलं काम संपून कित्येक वर्षं झाल्यावरही जो ते काम दुसऱ्यासाठी तितक्याच नेकीने करतो, त्याची सज्जनता मी पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिली.

बाबांना आत न्यायच्या आधी मला चाळीस मिनिटं मिळाली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "गाडी किती लेट होती?" मी त्यांना तुमचा कागद दाखवला. त्यांनी चष्मा मागवला आणि सगळ्या ओळी वाचल्या. मग म्हणाले, "हा माणूस पक्का आहे."

तो कागद आता माझ्या फोनच्या कव्हरमध्ये आहे. तुमच्या वेळांशेजारी मी खऱ्या वेळा लिहिल्या आहेत. जर्नल अर्धवट ठेवलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून इथे भरून देते.

भुसावळ, सुटली १२.३८.
आमचं जंक्शन, तुम्ही लिहिलेलं ३.२०, आली ३.२६. चाळीसगावच्या अलीकडे लूपला घातली होती.
इगतपुरी, तुम्ही लिहिलेलं ५.१५, आली ५.२४.
कल्याण, तुम्ही लिहिलेलं ७.१५, आली ७.२२.

कल्याणच्या ओळीत शेऱ्याचा रकाना तुम्ही कोरा सोडला होता. तिथे मी लिहिलंय: बाबा अकराव्या दिवशी घरी आले. आता रोज सकाळी चालायला जातात.

तुमची,
वेटिंग रूममधली पोरगी