पाचपट म्हणजे किती, साहेब?

मा. आरोग्यमंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

तापीकाठच्या आमच्या गावात जानेवारीच्या एका पहाटे माझी नऊ आठवड्यांची लेक आईच्या कुशीत थंडगार सापडली. शवविच्छेदन झालं, व्हिसेरा राखून ठेवला, अहवाल महिन्यात देऊ म्हणाले. आज पाच महिने झाले. अहवाल नाही, पण गेल्या आठवड्यात तुमच्या खात्याचे एक साहेब घरी येऊन बायकोला सुनावून गेले, "जवळ झोपवलं ना, धोका पाचपट असतो." त्या दिवसापासून ती गोधडीला हात लावत नाही.

साहेब, मी शाळेत गणित शिकवतो. हे 'पाचपट' आलं कुठून, ते मी शोधलं. 2013 साली युरोप, ब्रिटन आणि न्यूझीलंडकडच्या पाच अभ्यासांची माहिती एकत्र केली गेली. अचानक गेलेली 1472 बाळं आणि जिवंत असलेली 4679. दोघांच्या आईबापांना विचारलं, त्या रात्री बाळ कुठं होतं? त्यावरून जवळ झोपवणं आणि वेगळं झोपवणं यांतल्या धोक्याचं गुणोत्तर काढलं. तीन महिन्यांच्या आतलं, अंगावर पिणारं बाळ, आईबाप धूम्रपान न करणारे, दुसरा कसलाही धोका नाही, अशा घरांत ते 5.1 आलं. पण खरं उत्तर 2.3 ते 11.4 यांत कुठंही असू शकतं, असं त्यांनीच लिहिलंय.

आणि पट कशाचे? त्याच अभ्यासाचा अंदाज असा: अशा घरांतली एक लाख बाळं त्याच खोलीत पण वेगळ्या अंथरुणावर झोपली, तर 8 अशी अचानक दगावतात, आईजवळ झोपली, तर 23. म्हणजे 99,977 वाचतात. (इथं पाचपट का नाही? कारण पाचपट फक्त पहिल्या तीन महिन्यांचं आहे, पुढं फरक कमी होतो.) आणि त्या 23 पैकी 8 तर वेगळी झोपवूनही गेलीच असती. माझी लेक त्या आठांतली की उरलेल्या पंधरांतली, हे जगातला कुठलाही संशोधक सांगू शकत नाही. तुमच्या साहेबांनी दारात उभं राहून सांगितलं!

2014 साली ब्रिटनमधल्याच दुसऱ्या अभ्यासात, दारू, धूम्रपान, सोफा हे वगळल्यावर जवळ झोपवण्याचा वेगळा धोका दिसलाच नाही. म्हणजे जाणकारांतच वाद आहे. बाळाला पाठीवर निजवा, बिडीच्या धुरापासून लांब ठेवा, हे मात्र सगळेच सांगतात. ते आम्हाला बाळंतपणात कुणी सांगितलं? कुणीच नाही. आमच्या खानदेशात घरोघर बाळ आईच्या पदराखाली निजतं, आणि घरात एक खाट असते, दोन नसतात.

ते लाखातले आकडेही तिकडचे. आपल्याकडं अशी किती बाळं जातात? गावात चार वर्षांत तीन गेली, शेजारच्या गावांत धरून दहा-बारा असतील. व्हिसेऱ्याचा अहवाल नाही, झोपण्याची जागा पाहायला कुणी आलं नाही, मग मृत्यूचं कारण लिहिणार कशावरून? रजिस्टरात 'दूध छातीत गेलं' लिहून मोकळे होतात. आजार मोजायचाच नाही आणि दोष आईच्या माथी मारायचा, हीच तुमच्या खात्याची रीत झाली आहे का?

मला पैसे नकोत. अहवाल द्या. आणि त्या साहेबांना पुन्हा आमच्या घरी पाठवा, माझ्या बायकोसमोर हे आकडे वाचून दाखवायला. तेराव्यापर्यंत तिचा पदर दुधानं ओला होत होता, साहेब.

आपला,
एक बाप