विषय : रोल-ऑनमुळे पांढऱ्या शर्टांवर पडलेले पिवळे डाग आणि तुमच्या ग्राहक सेवेने दिलेला चुकीचा सल्ला

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

मी परळला राहतो आणि वकिली करतो. पांढरा शर्ट हा माझा रोजचा गणवेश आहे, त्यात मुंबईचा दमटपणा. तुमचा अँटिपर्स्पिरंट रोल-ऑन मी बाटलीवरचा 'पांढऱ्या कपड्यांवर डाग नाही' हा दावा वाचूनच घेतला. आज माझ्या सुती शर्टांच्या काखा हळदीत बुडवल्यासारख्या दिसतात.

घामाला दोष देऊन तुम्ही मोकळे व्हाल, म्हणून आधीच सांगतो. एका नव्या शर्टाबरोबर मी रोल-ऑन फक्त डाव्या काखेत लावला, उजवी कोरी ठेवली. धुणं एकच, साबण एकच. महिन्याभरात डावी बाजू पिवळी आणि कडक झाली. उजव्या बाजूला दिवसअखेर वास यायचा खरा, पण तो एका धुण्यात जायचा आणि कापड पांढरंच राहायचं. डाव्या काखेवर पाण्याचा थेंब टाकला तर तो मुरत नाही, मोत्यासारखा वर बसून राहतो. म्हणजे कापडावर मेणचट थर साचलाय. आमचे इस्त्रीवाले काका तर म्हणाले, "साहेब, काखेत इस्त्री अडकते, आणि गरम झालं की वास सुटतो."

कारण तुमच्याच घटकयादीत आहे : ॲल्युमिनियम क्लोरोहायड्रेट. हे क्षार घामाच्या छिद्रांत तात्पुरतं बूच बसवतात, घाम थांबतो तो त्यामुळे. उरलेला लेप कापडावर उतरतो, घामातली प्रथिनं आणि त्वचेचं तेल त्याला धरून बसतं आणि पिवळा डाग तयार होतो. ताज्या घामाला फारसा वास नसतो. तो जंतूंमुळे येतो, आणि या थरात त्यांना आयता आसरा मिळतो. म्हणून कपाटातून काढताना स्वच्छ वाटलेला शर्ट लोकलमध्ये अंग तापलं की पुन्हा वास मारतो.

इथवर मी सोसलंही असतं. पण तुमच्या हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा ताईंनी 'क्लोरीनच्या ब्लीचमध्ये भिजवा' असं सांगितलं. मी भिजवले. डाग आणखी गडद झाले, कारण क्लोरीन ब्लीच घामातल्या प्रथिनांना उलट पिवळं करतं. तुमच्या उत्पादनाबद्दल एवढं तरी तुमच्या माणसांना ठाऊक असायला नको का?

जे उपयोगी पडलं ते नोंदवून ठेवा. ब्लीच न लागलेला शर्ट मी आधी लिंबूसतात भिजवला : लिटरभर कोमट पाण्यात मोठा चमचाभर, अर्धा तास. आम्लाने ॲल्युमिनियमचा थर सुटतो. मग खळखळून धुतला. तेवढं पुरेसं धुणं महत्त्वाचं, कारण आम्ल आणि क्लोरीन ब्लीच एकत्र आले तर विषारी वायू निघतो, आणि घरोघरी मोरीत दोन्ही बाटल्या शेजारी असतात. त्यानंतर सोडियम परकार्बोनेट, म्हणजे ऑक्सिजनचं ब्लीच, गरम पाण्यात घालून काही तास ठेवला आणि शेवटी एन्झाइम असलेल्या पावडरने धुतला. डाग जवळजवळ गेला, कापड मऊ झालं. आधी ब्लीच लागून वर इस्त्री फिरलेले शर्ट मात्र सुधारले नाहीत.

साबणाचाही यात वाटा आहे, ते मी नाकारत नाही. मी लिक्विड डिटर्जंट वापरायचो. त्यात ऑक्सिजनचं ब्लीच सहसा नसतंच. शुभ्रता देणारा चमकदार पदार्थ असला की बाकीचा शर्ट लख्ख दिसतो आणि पिवळी काख अधिकच उठून दिसते. पण हे ग्राहकाने शोधून काढायचं असेल, तर बाटलीवर 'डाग नाही' असं छापायचा तुम्हाला काय अधिकार?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे वेष्टनावरचा आणि लेबलवरचा मजकूरही जाहिरातच ठरतो, आणि दिशाभूल करणारी जाहिरात कशाला म्हणायचं ते कलम २(२८) मध्ये आहे. माझ्या मागण्या सरळ आहेत. ब्लीचमुळे वाया गेलेल्या शर्टांची किंमत द्या, बिलं आणि फोटो सोबत जोडले आहेत. हा दावा लेबलवरून काढा आणि त्या जागी 'लेप पूर्ण वाळल्यावरच कपडे घाला, क्लोरीन ब्लीच वापरू नका' असं मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात छापा. हेल्पलाइनवरचा सल्ला बदलला की मला लेखी कळवा.

डाव्या-उजव्या काखेचा तो शर्ट मी त्या महिन्यानंतर न धुता ठेवलाय. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर तो जिल्हा ग्राहक आयोगापुढे ठेवीन.

आपला,
एक ग्राहक
परळ, मुंबई